नोटिशीतलं शेवटचं वाक्य

प्रेमाबाई आणि मी अणदूरला एकाच आळीत सुना म्हणून आलो. तिच्या गच्चीवर आम्ही किती उन्हाळे पापड वाळवले, कोण जाणे. गेल्या वर्षी तिच्या वरच्या मजल्यावर केनियाची रूथ भाड्यानं राहायला आली. ती बचत गटांचा अभ्यास करते. तेव्हापासून प्रेमाबाईच्या दुपारी वरच जातात. "शांताक्का, भाकरी काय सुरेख थापती गं पोरगी!" असं मलाच ऐकवते. माझ्या भाकरीला तिनं उभ्या जन्मात सुरेख म्हटलं नाही.

परवा प्रेमाबाईचे मालक गुंडप्पा कागद घेऊन आले. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे.

"वैनी, रूथबाईला हे इंग्रजीत लिहून द्या. कोर्टासमोर टाइप करून आणलंय."

मजकूर सरळ होता. करार संपतोय, नव्या करारात भाडं वाढेल. छत गळतंय, दुरुस्तीचा खर्च मालक करतील. काम होईपर्यंत वरच्या खोल्या रिकाम्या कराव्यात. खाली टाइपवाल्याचं नेहमीचं शेपूट: 'कसूर केल्यास आपणाविरुद्ध कायदेशीर कारवाई करण्यात येईल.' आपल्याकडे ते प्रत्येक नोटिशीत असतं, कुणी मनावर घेत नाही. रूथ घेईल, हे मला ठाऊक होतं. मी वाक्याला वाक्य लावलं. एकही चूक नव्हती.

संध्याकाळी तोच कागद घेऊन रूथ माझ्या दारात आली. इंग्रजीत म्हणाली, "माझं काय चुकलं? मला कोर्टात नेणार? उद्याच सोलापूरला खोली बघते."

मी तिला पाणी दिलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

तेवढ्यात तिला शोधत प्रेमाबाई आली. "अगं बया, रडतीय का ही?"

"तिला वाटतंय, तुम्ही तिला हाकलताय. कोर्टात खेचणार म्हणून."

"कोण म्हणलं?"

"तुझ्या मालकांच्या नोटिशीत आहे."

"ते तर समद्याच नोटिशीत असतंय! तुला ठाऊक न्हाय व्हय? मग सांगायचं न्हाय तिला?"

रूथनं प्रेमाबाईचा पदर धरला होता.

"काढ ते वाक्य," प्रेमाबाई म्हणाली. "अन् लिव्ह, काम होईस्तवर खाली माझ्याजवळ राहायचं, जेवायचं."

"मुळात नाही ते इंग्रजीत कसं लिहू?"

"मग मुळातच लिव्हायला लावते!"

तिनं गुंडप्पांना बोलावलं. त्यांनी हसत मराठी नोटिशीतलं ते वाक्य खोडलं, नवं लिहिलं, दोन्हींपुढं सही केली. "मला काय माहीत हो वैनी, त्या टाइपवाल्यानं लिहिलंय."

मी इंग्रजी कागद नव्यानं लिहायला घेतला. प्रेमाबाई खांद्यावरून वाकून बघत होती. तिला इंग्रजीचं अक्षर येत नाही.

"माझ्याजवळ, हे कुठं लिव्हलंस?"

मी तिचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं. मग कागद रूथला दिला.