नरडाण्याची झील

भाड्याच्या दोन खोल्यांत प्रमिलाचा धुळ्यातला स्टुडिओ होता. बाहेरच्या खोलीत झोळीत आठ महिन्यांची लेक, आतल्या खोलीत लॅपटॉप. चिऊ दुपारची झोपली की प्रमिला स्पीकर बंद करायची आणि कानांवर हेडफोन चढवून कामाला बसायची. खानदेशातल्या कानबाई देवीच्या गाण्याचं सगळं मिक्स असंच, झोपेझोपेतून चोरलेल्या वेळात झालं होतं.

गाणं रतिलालचं होतं. त्याच्या प्रत्येक ओळीला नरडाण्याच्या चार बायका मागून सूर लावून झील धरत होत्या, आणि त्यांत पुढे होत्या भागाबाई. चौघींना तिने एकाच माइकभोवती उभं करून घेतलं होतं. संध्याकाळी मंगल कार्यालयात गाणं वाजणार होतं, पाच वाजता चॅनलवर चढणार होतं. चॅनलचे मालक लीलाधर दोन वाजल्यापासून दाराशी चप्पल न काढता उभे होते.

"झालं ना? दे मग."

"तीन ठिकाणी ऐकल्याशिवाय मी देत नाही, लीलाधरभाऊ. आधी फोनवर."

तिने फाइल जुन्या मोबाइलवर टाकली आणि मोबाइल ओट्यावर ठेवला. रतिलाल लख्ख ऐकू आला. ढोलकीचा धुम हरवला. इवल्याशा स्पीकरला तो पेलणारच नव्हता. पण झीलही नव्हती. बायकांच्या जागी नुसती पोकळी.

"स्पीकरच केवढासा," लीलाधर म्हणाले. "त्यात काय काय मावणार?"

"बाईचा आवाज तर त्यात पहिल्यांदा मावतो."

तिने इअरबड्स कानांत घातले. बायका होत्या. डावीउजवीकडे, डोक्याभोवती अशा पसरलेल्या की अंगणात उभ्या आहेत असं वाटावं. मग तेच लीलाधरांनी कानांत घातले आणि मान डोलावली. "हेच. हेच गोड आहे. दे."

"फोनवर नाहीत, कानात आहेत. का, ते कळू द्या."

"अगं, रतिलाल ऐकू येतोय ना? लोक त्याच्यासाठी ऐकतात. बायका थोड्या कमी झाल्या तर कोणाचं काय अडतं?"

"माझं अडतं."

तिने चिऊला कडेवर घेतलं, लॅपटॉप पिशवीत टाकला आणि रिक्षा बोलावली. लीलाधर बडबडत मोटरसायकलवर मागे निघाले.

कार्यालयात साउंडवाले जीवराम माणसाएवढे स्पीकर लावत होते. भागाबाई तालमीला लवकर येऊन पहिल्या खुर्चीवर बसल्या होत्या. चिऊ आपसूक त्यांच्या मांडीवर गेली. गाणं सुरू झालं. ढोलकी भिंतीला धडकून परत आली, रतिलाल गरजला आणि त्याची ओळ संपल्यावर पुन्हा तीच पोकळी.

भागाबाई वाट बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमना आवाज कोठे गया वं, माय?"

प्रमिला स्पीकरांकडे वळली. तिने जीवरामना विचारलं, "डावं-उजवं वेगळं सोडता का, आबा?"

"हॉलमध्ये? दोन्ही एकत्र करूनच सोडतो. नाहीतर त्या कोपऱ्यातल्याला अर्धंच गाणं."

तेव्हा तिला उमगलं. झील रुंद वाटावी म्हणून तिने एकाच आवाजाच्या दोन प्रती केल्या होत्या. एक डावीकडे, दुसरी तिची ध्वनिलहर उलटवून उजवीकडे. दोन कानांत त्या वेगळ्या राहायच्या. एकत्र आल्या की एकमेकींना पुसून टाकायच्या. फोनलाही एकच स्पीकर होता. आणि तिने एकदाही स्पीकर लावून ऐकलं नव्हतं, लेक उठेल म्हणून.

"चूक माझी आहे," ती म्हणाली आणि स्टेजच्या पायरीवरच लॅपटॉप उघडला.

"साडेतीन झालेत," लीलाधर म्हणाले. "कानातलं दे. हॉलमध्ये बायका तोंडाने म्हणतील."

"आणि शेतात? कापूस वेचणारी कमरेला फोन खोचून ऐकते. तिला कोण म्हणून दाखवणार?"

"पुढचं काम जळगावला देईन मी."

"द्या. हे मात्र असं जाणार नाही."

उलटवलेली प्रत तिने काढून टाकली. बायकांना मधोमध आणलं, रतिलालच्या खांद्याला खांदा लावून. रुंदी हवी म्हणून टाळ्या थोड्या दोन्हीकडे सरकवल्या. ढोलकी तळाशी जरा छाटली आणि तिच्या थापेला धार दिली, म्हणजे धुम गेला तरी फोनवर ठेका कळावा. मग तिन्ही ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. भागाबाईंच्या स्वतःच्या फोनवर झील लागली तेव्हा त्यांनी तो चिऊच्या कानापासून लांब धरला, कारण आवाज मोठा होता.

लीलाधरांनी इअरबड्स काढले. "मघासारखं पसरत नाही."

"नाही पसरत."

"जुनी फाइल आहे ना अजून?"

प्रमिलाने त्यांच्यासमोर ती पुसली. मग नवी फाइल पेनड्राइव्हवर घातली आणि गायकांच्या नावांची ओळ भरायला घेतली. रतिलालचं नाव आधीच होतं. तिने भागाबाईंना विचारलं, "बाकीच्या तिघींची पूर्ण नावं सांगा, अक्का."

लीलाधर घड्याळाकडे बघत उभे राहिले, तोवर भागाबाई सावकाश एकेक नाव सांगत होत्या.