शेजारची जागा

आत्याला धक्क्यावरची ती संध्याकाळ चित्रात हवी होती. लाँच सुटली, मधल्या पाण्यात उलटली आणि आतोबा गेले, ती संध्याकाळ. भाची पोटापाण्यासाठी भिंतींवर चित्रं काढायची, तेव्हा हे काम तिच्याकडेच आलं.

आत्या पाटावर बसून सांगत गेली, भाची कोळशाने कागदावर एकेकाला उभं करत गेली. अगदी पुढे, आपल्याकडे पाठ करून, पेटीवर बसलेला हमाल. त्याच्या उजवीकडे टोपलीवाली. त्यांच्यामागे आत्या, हमालाच्या खांद्याआड कमरेपर्यंत झाकलेली. तिच्यामागे दाटलेली गर्दी. गर्दीच्या पलीकडे लाँच.

भाचीने समजावलं होतं, की सपाट जमिनीवर उभ्या माणसांची डोकी साधारण एका रेषेत येतात. दूरच्यांचे पाय मात्र कागदावर वर सरकतात, अंगं लहान होतात. पुढचा मागच्याला झाकतो, त्यावरूनच कोण कुठे ते कळतं.

"आतोबा कुठे होते?"

"माझ्या शेजारी, डावीकडे. हात घट्ट धरला होता. मी लाँचच्या फळीकडे धावणार, तर मला मागे ओढलं. म्हणून तर मी वाचले."

भाचीने त्यांना तिथे काढलं. मग आत्या म्हणाली, त्यांच्या हातात टोपी काढ. सगळ्यांच्या डोक्यांवरून हलवत होते.

कोळसा थांबला. शेजारी असते तर टोपी दिसायला आत्याला मान वर करावी लागली असती. भाचीने विचारलं, टोपी नेमकी कुठे दिसली? कोणाच्या मागे?

आत्याने बोट ठेवलं. गर्दीच्या मागे, लाँचच्या कठड्यापाशी, नखाएवढ्या जागेत.

"आणि हात तेव्हाच धरलेला?"

"तेव्हाच. सोडलाच नव्हता."

  आत्याचं बोट कठड्यापासून शेजारच्या आतोबांपर्यंत गेलं आणि परत आलं. इतकी वर्षं तिने मनाशी धरलं होतं, की नवऱ्याने आपल्याला ओढून वाचवलं आणि मग तो धावत जाऊन स्वतः चढला.

"गार होता तो हात," ती हळूच म्हणाली. "ओला. मला वाटलं, पाण्याचे शिंतोडे."

भाचीने शेजारचे आतोबा पुसले आणि कठड्यापाशी, टोपी उंचावलेले, लहानसे काढले. डावीकडे पोकळी राहिली. तिने ती भरायला एक अनोळखी माणूस काढला, चेहरा जमेना. तिसऱ्यांदा पुसल्यावर तिने तो नाद सोडला. गर्दीतली माणसं आजूबाजूला दाटीने काढली, पण त्या जागेत कुणाला येऊ दिलं नाही. आत्याचा हात तेवढा त्या बाजूला पुढे झालेला.

चित्र पुरं झालं तेव्हा आत्याने ते बराच वेळ न्याहाळलं. भाचीला वाटलं, आता ही नको म्हणेल.

"टोपलीवाली बरोबर आहे," आत्या म्हणाली. "फक्त माझ्या शेजारची जागा कमी कर. इतकं लांब नव्हतं ते."