चौदा कोऱ्या नोंदी

सोमवारी सकाळी रश्मीनं कॉम्प्युटर चालू केला तेव्हा आतून टक्‌, टक्‌ असा आवाज आला आणि पेशंटची फाइल काही उघडेना. दोनदा, तीनदा करून पाहिलं. पडद्यावर एकच ओळ: डिस्क वाचता येत नाही.

श्रीगोंद्याच्या वाटेवरचं ते ट्रस्टचं क्षयरोग रुग्णालय. रश्मी तिथं तीन वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होती. शहाण्णव सालात तालुक्यात अशी यंत्रं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे तिला मानही होता. सहाशे एकेचाळीस पेशंट, प्रत्येकाचं नाव, गाव, कोणती गोळी, शेवटचं कधी आला, सगळं त्या डब्यात. कागदाचं रजिस्टर कॉम्प्युटर आल्यावर बंद झालं होतं. नियमानं येणाऱ्याजवळ त्याचं कार्ड असायचं. पण बरं वाटलं म्हणून मधेच गोळ्या सोडणाऱ्याला शोधायचा तर ही यादीच. ती हातात घेऊन रुग्णालयातली भीमाबाई गावोगाव जायची.

डॉक्टर यशोधराबाईंनी नगरला फोन लावला. अकराच्या सुमारास कॉम्प्युटर दुरुस्त करणारा कानिफनाथ आला. शांत, जाडसर चष्म्याचा माणूस. मशीनजवळ कान नेऊन त्यानं ऐकलं आणि आधी बटण बंद केलं.

"ताई, बॅकअपच्या फ्लॉप्या द्या."

 रश्मीनं तोंड उघडण्याआधी यशोधरा मॅडमच बोलल्या, "दर शनिवारी घेते ती. वहीत सही असते."

वहीत सही होती, फ्लॉपी नव्हती. जूननंतरची एकही नव्हती. शनिवारी पेशंट संपल्यावर बॅकअप घेत बसलं की घरची, काष्टीची सव्वापाचची एसटी चुकायची. एका शनिवारी राहिला, मग पुढच्याही. सही मात्र राहिली नाही.

"त्या... पावसाळ्यात बुरशी लागली," ती म्हणाली. "टाकून दिल्या."

खोटं तोंडातून गेलं आणि दार मागे लागल्यासारखं वाटलं.

कानिफनाथनं फार विचारलं नाही. पेटी उघडून जुन्या डिस्कशेजारी नवी डिस्क जोडली आणि स्वतःच्या फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं.

"आधी फक्त पेशंटची फाइल काढा," मॅडम म्हणाल्या. "बाकीचं नंतर बघू."

"नेमकी तीच जागा बिघडलीय, मॅडम. तिथंच खरवडत बसलो तर डिस्क कधीही जीव टाकेल, मग चांगलं आहे तेही जाईल. आधी जे धड आहे ते सगळं उतरवून घेतो. जिथं अडेल तिथं थांबायचं नाही. जागा लिहून ठेवायची, उडी मारून पुढं जायचं. अडलेल्या जागांकडे शेवटी येऊ."

"आणि या जुन्या डिस्कवर काही दुरुस्त नाही करणार?"

"हिच्यावर एक अक्षरही लिहायचं नाही. लिहायचं ते नव्या डिस्कवर."

मॅडमनी मान हलवली. "रश्मी, तू इथंच बस. फायली तुलाच माहीत आहेत."

खोलीची एकुलती खिडकी धुळीमुळे खिळे ठोकून बंद केलेली. पंखाही नाही, धूळ उडते म्हणून. रश्मी स्टुलावर बसली. पडद्यावर आकडे भराभर पळत होते. अडलं की टक्‌ टक्‌ व्हायची, एक लाल ओळ उमटायची आणि आकडे पुढं निघायचे. पाऊण तासात डिस्कच्या टोकापर्यंत पोचले. लाल ओळी एकतीस. एकेका ओळीत त्रेसष्ट तुकडे, कारण एका दमात तेवढे वाचायचे.

"एवढं गेलं?" तिनं विचारलं.

"नाही. ओळीत एक तुकडा खराब असला तरी अख्खी ओळ लाल. आता एकेक तुकडा वेगळा वाचू."

ही फेरी रांगत चालली. एकेका खराब तुकड्यापाशी डिस्क कितीतरी वेळ धडपडायची. लाल ओळी विरत गेल्या: पंचवीस, अठरा, नऊ. रश्मी मनात म्हणत होती, सगळं निघू दे. सगळं निघालं तर कुणाला काही कळायचं नाही. आणि लगेच त्या विचाराची लाज वाटायची. उठून बाहेरही जाता येईना. बाहेर गेलं तर मॅडम भेटतील आणि बुरशीचं विचारतील.

दुपारी कानिफनाथनं यंत्र बंद करून ठेवलं. "निवू दे जरा. थंड झाल्यावर कधीकधी देते." मग उलट बाजूनं, शेवटाकडून मागं येत, तेच तुकडे पुन्हा मागितले. आणखी काही मिळाले. तीन काही केल्या हलेनात. वीसेकदा मागूनही नाही.

"बास," तो म्हणाला. "आता नव्या डिस्कवर फाइल उघडू. जे वाचता आलं नाही तिथं माझ्या प्रोग्रामनं फुल्या भरल्यात."

मॅडम आणि भीमाबाई आत आल्या. फाइल उघडली. नावांमागून नावं सरकली. रश्मीचे डोळे भरून आले. मग तीनशे अठ्ठ्याऐंशीपाशी फुल्या, सलग नऊ जण. पुढं पाचशे चौसष्टपाशी पाच जण. कडेच्यांचं अर्धं दिसत होतं, मधल्यांचं काहीच नाही.

"चौदा," मॅडम म्हणाल्या. "यातल्या कुणी गोळ्या सोडल्या असतील तर कळणार कसं?"

"पुरतं कोन कोन व्हतं ते म्या कसं सांगू? लई गावं हायेत, बाई," भीमाबाई हळूच म्हणाली. "नाव असलं तर घर सापडंल."

  काष्टीला रश्मीच्या घरच्या कपाटात, साड्यांच्या खाली, एक प्रत बाहेर असावी म्हणून नेलेली जूनची फ्लॉपी पडून होती. त्या वेळी पाचशे वीस पेशंट होते. नोंद कधी पुसायची नाही हा मॅडमचाच नियम, त्यामुळे क्रमांक बदललेले नसणार. म्हणजे पहिली नऊ नावं त्या फ्लॉपीत होती. पण फ्लॉपी पुढं ठेवली की सही उघडी पडणार. न ठेवावी तर ती नऊ माणसं फुल्यांमागंच राहणार.

"मॅडम," ती म्हणाली. "बुरशी लागली नव्हती. मी बॅकअप घेतलाच नाही. सह्या खोट्या आहेत. शेवटचा जूनचा आहे, घरी."

कानिफनाथ पेचकस पुसू लागला. मॅडम तिच्याकडे वळल्या.

"सकाळी सांगितलं असतंस तर?"

"धीर झाला नाही."

"जीप घेऊन जा. आण ती."

तासाभरात फ्लॉपी आली आणि उघडलीही. नऊ नावं, नऊ गावं. जूननंतरच्या पाचांपैकी पहिल्याचं नाव कडेला शाबूत होतं. शेवटच्याची नुसती तारीख, श्रावणातली. मधल्या तिघांचं काहीच नाही. नाव नसलेल्या या चौघांतली एक भीमाबाईला आठवली: "ती चिखलीची गोधडी शिवनारी, सहादेवची बहीन." बाकीचे तिघे कुणालाच आठवेनात.

मॅडमनी बॅकअपच्या वहीत जूननंतरच्या प्रत्येक सहीवर रेघ मारली आणि शेजारी स्वतः लिहिलं: घेतला नाही. रश्मीला काढलं नाही, पण त्या दिवसापासून कागदाचं रजिस्टर पुन्हा सुरू झालं आणि ते भीमाबाईच्या हातात गेलं.

दुसऱ्या दिवसापासून रश्मी तिच्याबरोबर गावोगाव जाऊ लागली. अकरा जण भेटले. चौघांनी गोळ्या सोडल्या होत्या, त्यातल्या तिघांना परत आणलं. न आठवलेल्यांपैकी दोघं दिवाळीनंतर आपणहून कार्ड घेऊन आले. तिसऱ्यासाठी ती दर गावात विचारायची, "श्रावणात खोकल्याच्या दवाखान्यात कुणी गेलं होतं का?" लोक माना हलवायचे. एका ओट्यावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "नाव काय म्हनता त्याचं?"

रश्मीकडे सांगायला नाव नव्हतं.