पाच अक्षरांची जागा

दिघोरीच्या पंचायतीची भिंत वाचली आणि माझं डोकंच सरकलं. ‘लवकर रोवलेल्या धानावर गाद पडत नाही.’ धानाचा कोंब पोकळ करणाऱ्या या गादमाशीवर प्रयोग मीच केला होता, आमच्या संशोधन केंद्राच्या फार्मवर, दोनच हंगाम. अहवालात लिहिलं होतं, ‘प्रादुर्भाव कमी दिसला, इतरत्र पडताळणी बाकी.’

“हे ‘नाही’ कुठून आणलं?” मी विस्तार अधिकारी घनश्यामवर खेकसलो.

“साहेब, तुमचा अहवाल भिंतीवर मावते का? शेवटी पेंटरले पाच अक्षरांचीच जागा उरली होती.”

मी पेंटर भोजराजला म्हणालो, “‘पडत नाही’वर चुना मारा. तिथं ‘कमी दिसली’ लिहा.”

घनश्यामनं बोटांवर मोजलं. तीही पाचच भरली.

रंग ओला असतानाच आपल्या बांधीकडे, म्हणजे धानाच्या शेताकडे निघालेली रुखमाबाई थांबली. “कमी दिसली? कुठं दिसली जी? आमच्या बांधीत पाहिलं का?”

“नाही पाहिलं,” मी म्हणालो. “फार्मवर पाहिलं.”

“मंग मी अर्धीच बांधी लवकर रोवतो. अर्धीत पाहू.”

ती गेल्यावर घनश्याम हळूच म्हणाला, “आठ दिवस झाले साहेब या भिंतीले. आजवर कोणी काहीच विचारलं नव्हतं.”