शिक्क्याखाली गेलेला शब्द

धुळ्यात म्युच्युअल फंड विकणारे आम्ही जेवढे आहोत, त्यांत माझं अक्षर सगळ्यात चांगलं आहे. फंड चांगले आहेत असं मी म्हणत नाही. अक्षर.

या अक्षराच्या जोरावर २०१५ च्या दिवाळी पाडव्याला मी पिंपळनेरच्या सुभाषचंदशेठना एसआयपीचं कोष्टक लिहून दिलं. शेठचं पाइप आणि मोटारपंपांचं दुकान. नात पलक तेव्हा आठ वर्षांची. दहा वर्षांनी तिच्या कॉलेजला पैसे लागतील, म्हणून महिना पाच हजार. मी जाड कागदावर पट्टीने रकाने आखले : वर्ष, भरलेली रक्कम, जमा होणारी रक्कम. पहिल्या वर्षी भरले साठ हजार, झाले ६४,०४७. पाचव्या वर्षी भरले तीन लाख, झाले ४,१२,४३२. दहाव्या वर्षी भरले सहा लाख, झाले ११,६१,६९५. खाली बारीक अक्षरात ‘गृहीत परतावा वार्षिक १२ टक्के’. मग सही. आणि सही एकटी बरी दिसेना, म्हणून शिक्का. शिक्क्याची शाई ओली होती. ‘गृहीत’ हा शब्द बरोबर तिच्याखाली गेला. मला ते दिसलं होतं. पण दुसरा जाड कागद आणला नव्हता.

दहा वर्षांत मी त्यांना बाजार वर गेला की फोन करायचो आणि खाली गेला की करायचो नाही. या धंद्यात यालाच सेवा म्हणतात.

परवाच्या दिवाळीनंतर शेठचा निरोप आला. पलकला नाशिकला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला आहे, पैसे काढायचे आहेत, कागद घेऊन या. साक्रीवरून एसटीने गेलो. बॅगेत खात्याचा उतारा होता : १०,७४,३००. चांगली रक्कम होती. जाताना मी स्वतःचं थोडं कौतुकही करून घेतलं, नाहीतरी माझं नावच कौतिक आहे.

शेठ गादीवर बसले होते. समोर माझं कोष्टक होतं, आणि त्यावर हळदीकुंकू. मी विचारलं, हे काय? तर लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा होते, त्या वहीत हा कागद दर वर्षी ठेवला जात होता. शेठच्या मागे त्यांच्या पत्नी मोहनबाई पणत्या पुसून ठेवत होत्या. त्या म्हणाल्या, “दहा दिवाळ्या कुंकू लावलं मी याला. देवाचे फोटो मागच्या रांगेत होते.”

माझ्या हस्ताक्षराला एवढा मान घरीसुद्धा कधी मिळाला नव्हता.

शेठनी उतारा कोष्टकाशेजारी ठेवला. आवाज चढवला नाही. मोटार पाणी का चढवत नाही हे गिऱ्हाइकाला विचारावं, तसं विचारलं, “कौतिकसर, सत्त्याऐंशी हजार तीनशे पंचाण्णव कुठे आहेत?”

मी बाजारावर बोललो. करोना, निवडणुका, युद्ध, अमेरिका. साधारण पाऊण तास. शेठनी ऐकून घेतलं आणि बोट शिक्क्यावर ठेवलं. हा शिक्का बाजाराचा आहे की तुमचा, एवढंच त्यांना हवं होतं. मग शांतपणे सांगितलं की मुलगा अखिल म्हणतो, असा सहीशिक्क्याचा वायदा वितरकाला करताच येत नाही, तक्रार केली तर परवाना जातो. खरं आहे का?

खरं होतं. परवाना म्हणजे माझं घर चालतं ती गोष्ट. आणि त्या खालच्या ओळीत ‘परतावा वार्षिक १२ टक्के’ सोडून दुसरं काहीही वाचता येत नव्हतं.

मी शिक्क्याखालचा शब्द सांगितला. शेठनी कागद उजेडाकडे धरला, चष्मा वर केला, मोहनबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, “आहे काहीतरी. मुंगीसारखं.”

“गृहीत म्हणजे?” शेठनी विचारलं.

दहा वर्षांत पहिल्यांदाच गिऱ्हाइकाने मला हे विचारलं, आणि पहिल्यांदाच मी खरं उत्तर दिलं. म्हणालो, “शेठ, म्हणजे मी बारा धरले. कुणी दिले नाहीत.”

शेठनी मान हलवली. मग पेन्सिल काढली. मला वाटलं तक्रार लिहितात, पण ते पहिल्या ओळीवर आले. त्यांच्या धंद्यात व्याज शेकड्याला महिन्याचं. बारा टक्के म्हणजे शेकडा रुपया. पहिल्या हप्त्याला बारा महिन्यांचं, दुसऱ्याला अकरा, असं उतरत शेवटच्याला एक. मिळून अठ्ठ्याहत्तर महिने, महिन्याला पन्नास. तीन हजार नऊशे. म्हणजे त्रेसष्ट हजार नऊशे व्हायला हवे.

“तुम्ही चौसष्ट हजार सत्तेचाळीस लिहिलेत. वरचे एकशे सत्तेचाळीस?”

मी सांगितलं, दर महिन्याचं व्याज मुद्दलात मिळवून पुढच्या महिन्याला त्यावरही व्याज धरलं आहे. शेठनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी व्याजाच्या धंद्यालाच लाज आणली आहे.

“आम्ही सावकारीला बदनाम, सर. पण व्याज मुद्दलात पाडव्यालाच मिळवतो. वर्षातून एकदा.”

मोबाइलवर त्यांच्या पद्धतीने हिशेब केला. दहा वर्षांना ११,२१,३६४. म्हणजे सत्त्याऐंशी हजारांच्या घटीतले ४७,०६४ बाजाराचे, आणि ४०,३३१ निव्वळ माझ्या कोष्टकाचे. सगळेच असं दाखवतात, हे मी म्हणालो. सगळे दाखवतात कारण आकडा मोठा दिसतो, हे म्हणालो नाही. दहा वर्षांत या खात्यावर मला मिळालेलं कमिशन छत्तीस हजारांच्या आसपास होतं. तोट्यातही मी बाजाराशी जवळपास बरोबरी केली होती.

“बाजाराचं बाजार बघेल,” शेठ म्हणाले. “तुमच्या चाळीस हजारांचं बोला.”

खिशातून भरून द्यायची सोय नव्हती. खिसा तसा नव्हता, आणि भरून देणं म्हणजे वायदा केला होता हे कबूल करणं. दोन्ही कारणं सांगितली. दुसरं आधी सांगितलं.

एक गिऱ्हाईक पंपाचा फुटव्हॉल्व्ह घेऊन गेलं. मग शेठनी पेन माझ्यापुढे सरकवलं. वहीत खाडाखोड करत नाहीत. चुकीची नोंद तशीच राहते, खाली दुरुस्ती लिहून सही करायची. तसं याच कागदावर लिहा, म्हणाले, म्हणजे अखिलला सांगतो गप्प बस.

मी लिहिलं : वरील आकडे अंदाजाचे होते. दर महिन्याला व्याज मिळवल्याने चाळीस हजार तीनशे एकतीस जास्त दिसले. प्रत्यक्षात दहा लाख चौऱ्याहत्तर हजार तीनशे झाले. पेन हातात होतंच, म्हणून आणखी एक ओळ घातली : यातून नफ्यावरचा कर अजून जायचा आहे. ही गोष्ट मी त्या दिवशी बोलणारच नव्हतो.

शेठनी दोनदा वाचलं. “कर पण?”

“हो.”

“हे आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही विचारलं नाही.”

“आणि आता?”

“आता तुम्ही वहीत लिहायला लावलंत.”

मोहनबाई हसल्या. शेठ हसले नाहीत, पण पैसे काढायच्या अर्जावर सही केली. कागद वहीत ठेवला. मी बॅग आवरून उठणार, तर म्हणाले, बसा. मुलाचा मुलगा मनन, सहा वर्षांचा. त्याचं काय करायचं?

या वेळी आठ, दहा आणि बारा अशा तीन दरांचे रकाने आखले, शेठच्या पद्धतीने, वर मोठ्या अक्षरात ‘अंदाज’. शेठनी आठच्या रकान्यावर बोट ठेवलं. जास्त आलं तर आलं. आणि पाच हजार नाही, तीन.

मी म्हणालो, पलकला पाच होते. ते म्हणाले, दोन तुमच्या अक्षराचे कमी केले. मी निदान साडेतीन म्हणालो. शेठ वर सरकेनात. मोहनबाई आतून म्हणाल्या, लेकराच्या नावाने आहे, सपाट आकडा नको, वर शकुनाचा एक हवा. शेवटी तीन हजार एकशे एकवर ठरलं.