राहिली नाही

अकरा वर्षं मी परदेशात हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत काढली. साठवलेल्या पैशातून इथे तसाच धंदा काढायचा होता, म्हणून मेव्हण्याला घेऊन कपडे धुण्याचं एक मोठं, जुनं मशीन बघायला गेलो. मेव्हणा म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

मालकाने मशीन चालवलं, मग बंद केलं आणि ड्रम गरगर फिरत असतानाच दार उघडलं. फिरत्या ड्रममध्ये हात अडकला तर माणूसच आत ओढला जातो. ड्रम थांबेपर्यंत ते दार उघडूच नये, म्हणून त्याला लॉक असतं. इथे ते तारेने निकामी केलं होतं.

"वेळ वाचतो," मालक म्हणाला.

"दाजी, तिकडे राहून तुम्ही उगाच घाबरट झालात," मेव्हणा म्हणाला.

"चांगलं चालणारं मशीन विकताय कशाला?" मी मालकाला विचारलं.

"चालवायला एक बाई होती. ती राहिली नाही."

"मग काय अडलं?" मेव्हणा हसला. "बटणं दोनच आहेत. आमची ताई चालवेल."

ताई म्हणजे माझी बायको.

"कामावर राहिली नाही," मी मालकाला विचारलं, "की राहिलीच नाही?"

मालक फडक्याने दाराची कड पुसत राहिला.