डाव्या कानावरची चीर

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तात्याबा साताऱ्यातल्या छपाईच्या दुकानात आले आणि पडद्यावरच्या मेंढीकडे बोट करून म्हणाले, "कुणाची चुकलीया ही?"

ज्ञानदाला प्रश्न कळला नाही. दहिवडीकडच्या घोंगडी विणणाऱ्या वीस घरांच्या गटाचे तात्याबा प्रमुख. शुक्रवारी सांगलीत त्यांचे प्रदर्शन होते आणि प्रत्येक घोंगडीला अडकवायच्या चारशे चिठ्ठ्यांवरचे चित्र तिने केले होते. दुकानातला तिचा हा चाचणीचा महिना. मालक सौमित्र यांनी आधीच सांगून ठेवले होते, "हे परत आलं, तर आपण पुन्हा फुलं, सूर्य आणि अध्यक्षांचा फोटो. मग तुझी गरज नाही."

चित्र तयार करणाऱ्या प्रणालीला तिने जपून प्रॉम्प्ट, म्हणजे लेखी सूचना, दिला होता: एकच वयस्क मेंढी, खालच्या उजव्या कोपऱ्यात, चौकटीचा जेमतेम पाचवा भाग व्यापणारी, उरलेली जागा मोकळी, फिकट मातकट, मऊ उजेड, मागे काहीही तपशील नाहीत. मोकळ्या जागेत नंतर गटाचे नाव बसणार होते. तात्याबांचा नातू विश्वजित याने फोनवर चित्र पाहून अंगठा पाठवला होता.

"चुकलेली नाही, तात्या. एकटीच दाखवलीय. नजर तिच्यावरच जावी म्हणून."

"एकटं मेंढरू म्हंजी चुकलेलं नायतर लांडग्यानं कळपातनं तोडलेलं. आन बघ की, तोंड कुठं हाय तिचं? बाहीर चाललीया. घोंगडी इकायची का मेंढरू हुडकायचं?"

सौमित्र मागे हसले. ज्ञानदाने चित्र पुन्हा पाहिले. मेंढीचे तोंड उजवीकडे, चौकटीच्या कडेला होते. तोंड कुठे हवे हे तिने लिहिलेच नव्हते. प्रणालीने आपल्या मनाने ठरवले होते. मोकळी जागा मेंढीच्या पाठीमागे राहिली होती. ती जागा तिच्या पुढ्यात हवी होती.

तिने प्रॉम्प्टला हात लावला नाही. चित्र आरशासारखे उलटे केले, मग सरकवून मेंढी पुन्हा उजव्या कोपऱ्यात आणली. आता ती मोकळ्या रानाकडे बघत होती.

"आता?"

तात्याबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आता घरला निघालीया. ब्येस. पर ही आमची न्हाई."

"म्हणजे?"

"कान बघ. मगाशी चीर डाव्या कानाला व्हती. आमच्या घराची खूण डावीकडं. उजवीकडची पल्याडच्या वाडीची. आमच्या घोंगडीवर त्यांचं मेंढरू? लोक शेण घालतील तोंडात."

ज्ञानदाने कान मोठा करून पाहिला. वयस्क मेंढी मागितल्यावर प्रणालीने कानाला एक चीर दिली होती. इतके दिवस तिला ती सावलीच वाटली होती. चित्र उलटे केल्यावर ती उजव्या कानावर गेली होती.

तिने प्रॉम्प्टच्या शेवटी लिहिले: कानावर चीर नको. नव्या मेंढीच्या दोन्ही कानांना चिरा होत्या; ते चित्र तिने पुसून टाकले. 'चीर' हा शब्द नुसता दिला तरी प्रणाली तो पकडते, 'नको' तिला कधी कळते, कधी नाही. मग तिने चीर हा शब्दच काढून लिहिले: दोन्ही कान अखंड, तोंड डावीकडे. कान अखंड आले, तोंड डावीकडे आले, मोकळी जागा शांत आली. चित्र पहिल्यापेक्षा चांगले होते.

तात्याबा पडद्याजवळ वाकले.

"ही कोण? ही पैल्यांदाच बघतुया मी."

"तात्या, पहिली तरी कुठे ओळखीची होती? तीही अशीच तयार केलेली."

"व्हय? मग वळखीची कशी वाटली?"

सौमित्र घड्याळ बघत म्हणाले, "पाच वाजता मशीन रिकामं होतंय. तोपर्यंत कळवा, नाहीतर फुलं टाकतो."

"म्हातारीला इचारतो," तात्याबा म्हणाले. मेंढरांमागे आता त्यांची बायको रंगुबाई जाते; खुणांचे तिलाच जास्त कळते. तिन्ही चित्रांच्या छापील प्रती पिशवीत घालून ते साडेबाराच्या एसटीने गेले.

चार वाजून चाळीस मिनिटांनी विश्वजितचा निरोप आला. पहिली प्रत, बाहेर तोंड केलेल्या मेंढीची, रंगुबाईंनी ठेवून घेतली होती. बाकीच्या दोन परत पिशवीत.

'हीच छापायची का?' ज्ञानदाने लिहिले.

'आज्जी म्हणती, ही कुठली मेंढी हाय ते तिला ठावं हाय. औंधाच्या वाटंवर चुकून गेल्ती ती. तात्या म्हणत्यात, आसं कसं हुईल. दोघं भांडाय लागल्यात.'

'पण छापायची का?'

पाच वाजून सहा मिनिटांनी मशीन रिकामे झाले. सौमित्र यांनी फुलांची फाइल उघडून ठेवली होती. ज्ञानदाच्या पडद्यावर तिन्ही मेंढ्या शेजारी शेजारी होत्या. विश्वजित उत्तर लिहीत असल्याचे फोनवर दिसत होते.